टूएसएलएसचा आकडा ओएलएसशी जुळला म्हणून निश्चिंत होऊ नका: दुबळी इन्स्ट्रुमेंट तपासण्याची क्रमवार पद्धत

पुण्यातल्या एम.ए. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांचे मसुदे वाचताना एक वाक्य इतक्या वेळा भेटते, की ते दिसताच हात आपोआप पेन्सिलीकडे जातो: ‘टूएसएलएसचा अंदाज ओएलएसच्या अंदाजाशी जुळतो, त्यामुळे आमचा निष्कर्ष भक्कम आहे.’ ओएलएस म्हणजे साधे न्यूनतम वर्गांचे रिग्रेशन; टूएसएलएस म्हणजे तेच दोन टप्प्यांत, इन्स्ट्रुमेंट नावाच्या बाहेरच्या चलाचा आधार घेऊन. कधी कधी वरचे वाक्य बरोबर असते. पण इन्स्ट्रुमेंट दुबळी असतील तर दोन्ही आकडे जुळण्याचे कारण निराळे असते. टूएसएलएसला स्वतःचे सांगण्यासारखे काही उरलेले नसते, म्हणून ते ओएलएसचीच री ओढते. या दोन परिस्थितींतला फरक निकालाच्या तक्त्यावरून कळत नाही. तो कसा शोधायचा, आणि कोणत्या क्रमाने, एवढाच या लेखाचा विषय आहे.

सर्वत्र एकच उदाहरण वापरतो. समजा, बारावीच्या विद्यार्थ्याने क्लासमध्ये घालवलेल्या तासांचा त्याच्या गणिताच्या गुणांवर किती परिणाम होतो, हे पाहायचे आहे. जास्त तास बसणारी मुले मुळातच अधिक जिद्दी किंवा सुस्थितीतली असू शकतात, म्हणून ओएलएसवर विसंबता येत नाही. त्यासाठी घरापासून पीएमपीएमएलच्या बसच्या जवळच्या थांब्याचे अंतर हे इन्स्ट्रुमेंट म्हणून घेतले आहे. हे अंतर गुणांवर दुसऱ्या कोणत्याही वाटेने परिणाम करत नाही, हे गृहीतक इथे मान्य करून पुढे जातो. प्रत्यक्षात पेठांतले घर आणि वाघोलीतले घर यांच्यात थांब्याच्या अंतराखेरीज बरेच काही वेगळे असते. तो वाद महत्त्वाचा आहे, पण वेगळा आहे, आणि इन्स्ट्रुमेंटचा जोर मोजणारा पहिल्या टप्प्याचा एफ कितीही मोठा आला तरी त्याने तो सुटत नाही.

## १. संगणक उघडण्यापूर्वीची तयारी

कागदावर चार रकाने आखा: परिणाम, म्हणजे गुण; अंतर्जात चल, म्हणजे ज्याचा त्रुटी पदाशी संबंध असल्याचा संशय आहे ते, इथे तास; नियंत्रक चल, म्हणजे घरचे उत्पन्न आणि दहावीचे गुण; आणि वगळलेली इन्स्ट्रुमेंट, म्हणजे थांब्याचे अंतर. ‘वगळलेली’ हा शब्द नीट लक्षात ठेवा. जी चले पहिल्या टप्प्यात असतात पण गुणांच्या समीकरणात नसतात, तीच वगळलेली इन्स्ट्रुमेंट. नियंत्रक चले दोन्ही समीकरणांत असतात.

चौथ्या रकान्यात किती नावे आहेत ते मोजून शेजारी आकडा लिहा. हा आकडा निकाल पाहण्याआधी ठरला पाहिजे, कारण पुढची बहुतेक घसरण तो गुपचूप वाढत जाण्यातून होते. अंतर हे एकच इन्स्ट्रुमेंट होते. मग प्रत्येक प्रभागासाठी अंतराचा वेगळा परिणाम असू शकतो म्हणून अंतर गुणिले प्रभाग अशी एकोणीस चले आली. प्रत्येक पाऊल समजण्यासारखे असते, पण शेवटी एकाची वीस झालेली असतात.

दुसरी गोष्ट निरीक्षणांची. ज्या ओळींत गुण, तास, नियंत्रक किंवा अंतर यांपैकी काहीही गहाळ आहे, त्या आधीच काढून एकच डेटा तयार करा. नाहीतर पहिला टप्पा १,०४० ओळींवर चालतो, दुसरा १,००० वर, आणि छापलेला एफ ज्या अंदाजासाठी आहे असे वाटते त्याचा नसतोच.

तपासणी: ओएलएस, पहिला टप्पा आणि टूएसएलएस या तिन्ही निकालांखालची निरीक्षणसंख्या तंतोतंत एकच आहे ना?

## २. पहिला टप्पा स्वतंत्रपणे चालवा आणि वाचा

थेट टूएसएलएसची आज्ञा देऊन शेवटचा सहगुणक पाहण्याची सवय मोडली पाहिजे. आधी तास हे चल डावीकडे ठेवून नियंत्रक आणि अंतर यांच्यावर रिग्रेशन चालवा आणि अंतराच्या सहगुणकाचे चिन्ह पाहा. थांबा लांब असेल तर तास कमी व्हायला हवेत. चिन्ह उलटे आले तर पुढे जाऊ नका. मग गुणांचे थेट अंतरावर रिग्रेशन चालवा. अंतराचा गुणांवर काहीच परिणाम दिसत नसेल, तर टूएसएलएसमधून ठळक परिणाम निघाला तरी तो कुठून आला, हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा.

सावधान: पहिल्या टप्प्यातील अनुमानित तास हाताने काढून ते दुसऱ्या रिग्रेशनमध्ये घालू नका. सहगुणक बरोबर येतो, पण प्रमाण त्रुटी चुकीची येते, कारण संगणक अवशेष खऱ्या तासांऐवजी अनुमानित तासांवरून काढतो. पहिला टप्पा वेगळा चालवायचा तो वाचण्यासाठी. अंतिम अंदाज मात्र टूएसएलएसच्या आज्ञेनेच काढावा.

## ३. एफ फक्त वगळलेल्या इन्स्ट्रुमेंटांचा काढा

सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि त्यांपैकी बहुतेक एकाच प्रकारच्या असतात. पहिल्या टप्प्याच्या निकालाखाली संगणक जो एफ आपोआप छापतो, तो संपूर्ण रिग्रेशनचा असतो. त्यात उत्पन्न आणि दहावीचे गुण यांचाही वाटा असतो. उत्पन्नावरून क्लासचे तास चांगले ओळखता येत असतील, तर तो एफ ८० असू शकतो आणि त्याच वेळी अंतराचा स्वतःचा एफ ३ असू शकतो. तक्त्यात ८० लिहिले जातात, कारण ते समोर असतात. आपल्याला हवा असलेला एफ हा ‘नियंत्रक जागेवर ठेवून सर्व वगळलेल्या इन्स्ट्रुमेंटांचे सहगुणक एकत्रितपणे शून्य आहेत’ या गृहीतकाच्या चाचणीचा असतो. आर मध्ये तो दोन प्रारूपांची तुलना करून मिळतो:

```r
m0 <- lm(hours ~ income + ssc, data = d)
m1 <- lm(hours ~ income + ssc + dist, data = d)
anova(m0, m1)
```

दोन्ही प्रारूपांत फरक फक्त `dist` चा आहे. इन्स्ट्रुमेंट एकच असेल तर हा एफ म्हणजे त्याच्या टी-मूल्याचा वर्ग. त्यामुळे कागदावरच पडताळा घेता येतो: टी ३.२ असेल तर एफ १०.२ च्या जवळ हवा. तसे नसेल तर आपण भलताच एफ वाचत आहोत.

एकाच प्रभागातली मुले एकाच थांब्यावर, एकाच मार्गावर अवलंबून असतात, म्हणून त्यांची त्रुटी पदे स्वतंत्र नसतात. अशा वेळी साधा एफ फुगतो. दुसऱ्या टप्प्याची प्रमाण त्रुटी प्रभागनिहाय क्लस्टर करून, म्हणजे एका प्रभागातली मुले एक गट धरून, काढली असेल, तर एफदेखील त्याच पद्धतीने काढला पाहिजे:

```r
library(car); library(sandwich)
linearHypothesis(m1, "dist = 0",
  vcov. = vcovCL(m1, cluster = ~ ward))
```

दुसऱ्या टप्प्यात क्लस्टर आणि पहिल्यात साधा एफ, अशी जोडी अनेक मसुद्यांत आढळते. ती जाणूनबुजून केलेली नसते. आज्ञा दोन वेगळ्या दिवशी लिहिलेल्या असतात, एवढेच. शिवाय क्लस्टर बोटांवर मोजण्याइतके असतील, तर हा सुधारित एफही विश्वासार्ह राहत नाही. म्हणून गट कोणत्या पातळीवर करायचे, हे इन्स्ट्रुमेंट कोणत्या पातळीवर बदलते ते पाहून आधीच ठरवावे.

तपासणी: एफच्या अंशातील स्वातंत्र्यांशांची संख्या पायरी १ मध्ये कागदावर लिहिलेल्या इन्स्ट्रुमेंटांच्या संख्येइतकीच आहे का? ती जास्त असेल, तर नियंत्रक चले चाचणीत शिरली आहेत.

## ४. अंदाज ओएलएसकडे का सरकतो, हे आकड्यांनी समजून घ्या

ही पायरी गाळून पुढच्या उंबरठ्याच्या आकड्यांकडे धावणाऱ्यांना ते आकडे मंत्रासारखे पाठ होतात, पण कुठे लावायचे ते कळत नाही. म्हणून इथे थोडे थांबू.

आधी एक टोकाची कल्पना करा. १,००० निरीक्षणे आहेत आणि इन्स्ट्रुमेंटही १,००० आहेत, सगळी निरर्थक, फासे टाकून तयार केलेली. पहिल्या टप्प्यात जितक्या ओळी तितकीच चले असल्यामुळे अनुमानित तास हे खऱ्या तासांइतकेच येतील, अगदी दशांशापर्यंत. मग दुसऱ्या टप्प्यात आपण खरे तासच वापरले, म्हणजे ओएलएसच चालवले. इन्स्ट्रुमेंट निरर्थक असली तरी पहिला टप्पा त्यांना निरर्थक म्हणून टाकून देत नाही; प्रत्येक जादा चल तासांमधल्या गोंगाटाचा एकेक कण ओढून अनुमानित तासांत आणते. आणि हा गोंगाट निरुपद्रवी नसतो. जिद्द, घरचे वातावरण, पालकांची धडपड हे सारे त्यातच असते, आणि त्याचाच गुणांच्या त्रुटी पदाशी सहसंबंध असतो. ज्या दूषित भागापासून पळण्यासाठी इन्स्ट्रुमेंट घेतले, तोच भाग मागच्या दाराने आत येतो.

आता एक कृत्रिम उदाहरण पूर्ण सोडवू, ज्यात खरे उत्तर आपल्याला माहीत आहे. निरीक्षणे १,०००. तासांचा गुणांवरचा खरा परिणाम ०.५. तासांच्या समीकरणातील गोंगाट आणि गुणांचे त्रुटी पद या दोहोंचे प्रचरण १ आणि त्यांचा एकमेकांशी सहसंबंध ०.८. अंतराचा तासांवरचा सहगुणक ०.१, आणि अंतराचे प्रचरणही १. चिन्ह इथे धन घेतले आहे, म्हणजे अंतर उलट्या दिशेने मोजले आहे असे समजा. हिशेबात त्याने फरक पडत नाही. या परिस्थितीत ओएलएसचा अंदाज १.२९ च्या आसपास येतो, खऱ्या उत्तराच्या अडीच पटींहून अधिक.

अंतरामुळे तासांत जो खरा बदल होतो, त्याचा एकूण जोर १,००० गुणिले ०.१ चा वर्ग, म्हणजे १० एकक आहे. त्याच मोजपट्टीवर प्रत्येक इन्स्ट्रुमेंट, खरे असो वा निरर्थक, सरासरी १ एकक गोंगाट आत आणते. एकटे अंतर वापरले तर १० एकक खरा संकेत आणि १ एकक गोंगाट. आता त्यात प्रभागांशी गुणलेली एकोणीस चले घाला, जी प्रत्यक्षात तासांबद्दल नवीन काहीच सांगत नाहीत. खरा संकेत १० वरच राहतो, गोंगाट २० होतो. अनुमानित तासांतला एक तृतीयांश भाग खरा आणि दोन तृतीयांश गोंगाट. खरा भाग ०.५ हे उत्तर देतो. गोंगाटाचा भाग ओएलएसचेच उत्तर देतो, म्हणजे सुमारे १.३. त्यांची भारित सरासरी:

```
(1/3) × 0.5 + (2/3) × 1.3 ≈ 1.03
```

एफचा संबंध इथे येतो. या एककांत पहिल्या टप्प्याचा एफ सरासरी (संकेत + गोंगाट) भागिले गोंगाट इतका असतो: ३० भागिले २०, म्हणजे १.५. आणि १ भागिले १.५ म्हणजे दोन तृतीयांश, अगदी गोंगाटाचा वाटा. म्हणून इन्स्ट्रुमेंट बरीच असताना टूएसएलएसची अभिनती, म्हणजे खऱ्या उत्तरापासूनचा सरासरी कल, ही ओएलएसच्या अभिनतीचा सुमारे १ भागिले एफ इतका हिस्सा असते. एफ १० असेल तर दहावा हिस्सा, एफ २ असेल तर निम्मी. एफ १ च्या जवळ आला, की टूएसएलएस आणि ओएलएस यांत नावापुरताच फरक.

हे सूत्र इन्स्ट्रुमेंट एकच असताना तसेच वापरू नका. तिथे टूएसएलएसच्या अंदाजाची सरासरीच गणिती अर्थाने अस्तित्वात नसते. मध्यगा खऱ्या उत्तराच्या जवळ राहते, पण पसारा मोठा असतो आणि टोकाचे आकडे येतात.

आता जो भाग फसवतो, तो पाहा. एकट्या अंतराने काढलेल्या अंदाजाची प्रमाण त्रुटी ०.३२ च्या आसपास असते. वीस इन्स्ट्रुमेंट घातल्यावर ती सुमारे ०.१२ पर्यंत खाली येते, आणि ९५ टक्के विश्वास अंतराल साधारण ०.७९ ते १.२७ असा सुबक दिसतो. खरे उत्तर ०.५ आहे, ते या अंतरालात नाही. तक्ता पाहणाऱ्याला मात्र वाटते की इन्स्ट्रुमेंट वाढवल्याने अचूकता वाढली, तारांकने वाढली, आणि अंदाज ओएलएसच्या जवळ आल्याने निष्कर्षही पक्का झाला. तिन्ही गोष्टी एकाच बिघाडाची लक्षणे आहेत.

हे कोणाच्या शब्दावर मानू नका, स्वतः चालवून पाहा. जुन्या लॅपटॉपवरही चहा होईपर्यंत उत्तर येते:

```r
set.seed(1); n <- 1000; L <- 20
one <- function() {
  Z <- matrix(rnorm(n * L), n, L)
  v <- rnorm(n); u <- 0.8 * v + 0.6 * rnorm(n)
  x <- 0.1 * Z[, 1] + v; y <- 0.5 * x + u
  iv <- function(Q) {
    xh <- fitted(lm(x ~ Q)); cov(xh, y) / cov(xh, x)
  }
  c(ols = cov(x, y) / var(x), iv1 = iv(Z[, 1]), iv20 = iv(Z))
}
r <- replicate(2000, one())
apply(r, 1, quantile, c(.1, .5, .9))
```

`iv1` च्या रकान्यात मध्यगा ०.५ च्या जवळ आणि पसारा मोठा दिसेल. `iv20` च्या रकान्यात पसारा आवळलेला, पण १ च्या आसपास. मग `0.1` च्या जागी `0.3` घालून पुन्हा चालवा. संकेत १० वरून ९० एकक होतो, आणि वीस इन्स्ट्रुमेंट असूनही अंदाज ०.५ कडे परततो, पुरता मात्र परतत नाही.

## ५. मगच उंबरठ्याशी तुलना करा, आणि योग्य उंबरठ्याशी

‘एफ दहापेक्षा जास्त’ हा नियम स्टायगर आणि स्टॉक यांच्या १९९७ च्या लेखातून रूढ झाला. एफ १० म्हणजे ओएलएसच्या अभिनतीचा सुमारे दहावा हिस्सा, हे वरच्या हिशेबावरून कळतेच. पण हा नियम अभिनतीबद्दल आहे आणि साध्या, समान प्रचरणाच्या त्रुटींसाठी आहे. चाचणीची पातळी बरोबर आहे का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर अधिक कडक आहे. स्टॉक आणि योगो यांच्या २००५ च्या तक्त्यांत, एक अंतर्जात चल आणि एक इन्स्ट्रुमेंट असताना, ५ टक्क्यांची म्हणवणारी चाचणी प्रत्यक्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वेळा चुकू नये यासाठी एफची मर्यादा १६.३८ आहे. हे तक्तेही समान प्रचरण गृहीत धरतात. क्लस्टर किंवा विषम प्रचरण असेल आणि इन्स्ट्रुमेंट अनेक असतील, तर मोंतिएल ओलेआ आणि फ्लूगर यांचा २०१३ चा ‘परिणामकारक एफ’ वापरावा. स्टाटामध्ये तो `weakivtest` ने मिळतो. एकच इन्स्ट्रुमेंट असेल तर हा एफ आणि पायरी ३ मधला क्लस्टर केलेला एफ एकच असतात.

एकाच इन्स्ट्रुमेंटच्या बाबतीत ली, मॅक्रेरी, मोरेरा आणि पोर्टर यांनी २०२२ मध्ये दाखवले, की नेहमीचे १.९६ हे टी-मूल्य कोणत्याही परिस्थितीत बिनधास्त वापरायचे असेल तर एफ १०४.७ हवा. हा आकडा ऐकून एका संशोधकाने माझ्यासमोर वही मिटली होती. पण तो सर्वांत वाईट परिस्थितीसाठीचा आकडा आहे, आणि एफ त्याहून कमी असेल तर काम सोडून द्यावे असे त्यातून निघत नाही; टी-मूल्याची मर्यादा वाढवावी, इतकेच निघते. एफ १० असताना ती मर्यादा १.९६ ऐवजी ३.४३ होते. आपल्या उदाहरणात ०.३२ प्रमाण त्रुटीचा अंतराल दोन्ही बाजूंना ०.६३ ऐवजी जवळजवळ १.१० पसरतो, आणि परिणाम शून्य नाही असेही म्हणता येत नाही.

सावधान: एफ हा स्वतःच एक अंदाज आहे. आपल्या उदाहरणात एकट्या अंतराचा एफ सरासरी ११ असला, तरी नमुन्यागणिक तो साधारण १.४ पासून २६ पर्यंत हेलकावतो. म्हणून दहा-बारा इन्स्ट्रुमेंटे तपासून एफ १० च्या वर गेलेले तेवढे ठेवणे, हा उपाय नसून नवा आजार आहे. दुबळ्या इन्स्ट्रुमेंटचा एफ मोठा येतो तो बहुधा त्या नमुन्यात गोंगाट त्याच्या बाजूने झुकला म्हणून. आणि गोंगाट ज्या नमुन्यात झुकला, तिथेच अंदाज ओएलएसकडे जास्त सरकलेला असतो. चाळणीने नेमके तेच नमुने निवडले जातात.

## ६. इन्स्ट्रुमेंट पिसून पुन्हा चालवा

एफचे तक्ते न उलगडता सहकाऱ्याला किंवा परीक्षकाला पटवून देणारी एक तपासणी आहे, आणि माझ्या मते ती प्रत्येक प्रबंधाच्या परिशिष्टात असायला हवी. इन्स्ट्रुमेंटांचे रकाने पत्त्यांसारखे पिसा, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याला दुसऱ्याच कोणाच्या तरी घराचे अंतर द्या. गुण, तास आणि नियंत्रक जागेवर ठेवा. अनेक इन्स्ट्रुमेंट असतील तर ओळी अखंड पिसा, रकाने सुटे पिसू नका. मग टूएसएलएस चालवा, आणि असे काही शे वेळा करा.

पिसलेल्या इन्स्ट्रुमेंटांत तासांबद्दल काहीच माहिती नसते, हे आपल्याला पक्के ठाऊक आहे. वीस इन्स्ट्रुमेंटांच्या आपल्या उदाहरणात या पिसलेल्या डेटातून अंदाज १.३ च्या आसपास येतो आणि प्रमाण त्रुटी सुमारे ०.१३. खऱ्या इन्स्ट्रुमेंटांतून १.०३ आणि ०.१२ आले होते. दोन ओळी एकाखाली एक लिहून नावे झाकली, तर कोणती खरी आणि कोणती पिसलेली हे ओळखणे अवघड आहे. असे झाले, तर आपल्या अंदाजात इन्स्ट्रुमेंटांकडून आलेली माहिती नगण्य आहे. एकट्या अंतराने हेच केले, तर पिसलेल्या फेऱ्यांतील आकडे वाट्टेल तिथे जातात आणि प्रमाण त्रुटी फुगते. म्हणजे तिथे तक्ता निदान खोटा धीर तरी देत नाही.

याच तऱ्हेची तपासणी एका प्रसिद्ध अभ्यासावर झाली होती. ॲंग्रिस्ट आणि क्रुगर यांनी १९९१ मध्ये अमेरिकेच्या १९८० च्या जनगणनेतील तीन लाखांहून अधिक पुरुषांच्या नोंदींवरून शिक्षणाचा कमाईवरील परिणाम काढला. त्यात जन्म वर्षाच्या कोणत्या तिमाहीत झाला, हे इन्स्ट्रुमेंट होते, आणि काही प्रारूपांत ते वर्ष आणि राज्य यांच्याशी गुणून शंभरावर चले केलेली होती. बाउंड, जेगर आणि बेकर यांनी १९९५ मध्ये खऱ्या तिमाहीच्या जागी यादृच्छिक तिमाही घालून पाहिली. अंदाज ओएलएससारखेच आले, आणि प्रमाण त्रुटी पाहून काही बिघडले आहे असे वाटत नव्हते. डेटा प्रचंड असला की दुबळ्या इन्स्ट्रुमेंटची चिंता नको, हा समजही तिथेच मोडतो. निरीक्षणांची संख्या महत्त्वाची असते ती खरा संकेत वाढवण्यापुरती. संकेत जवळपास शून्य असेल, तर लाखाने गुणूनही फारसे हाती लागत नाही.

## ७. दुबळेपणा आढळलाच, तर काय करावे

पहिली कृती म्हणजे मागे जाणे. पायरी १ मधला आकडा पाहा आणि ज्या इन्स्ट्रुमेंटमागे ठोस कारण आहे, तेवढेच ठेवा. प्रभागाशी गुणलेली एकोणीस चले काढल्यावर प्रमाण त्रुटी वाढेल, अंदाज ओएलएसपासून दूर जाईल, आणि तक्ता कुरूप दिसेल. तोच तक्ता अधिक प्रामाणिक आहे. अनेक इन्स्ट्रुमेंट ठेवण्याला खरे कारण असेल, तर टूएसएलएसच्या शेजारी लिमल, म्हणजे मर्यादित माहितीच्या कमाल संभाव्यतेच्या, पद्धतीचा अंदाजही छापा. दोन्हींत मोठी तफावत आली आणि टूएसएलएसच ओएलएसच्या बाजूला झुकलेले दिसले, तर निदान स्पष्ट आहे.

दुसरी कृती म्हणजे विश्वास अंतराल अशा पद्धतीने काढणे, जी पहिल्या टप्प्याच्या जोरावर अवलंबूनच नाही. अँडरसन आणि रुबिन यांची १९४९ ची चाचणी तशी आहे, आणि ती समजायला सोपी आहे. परिणामाची एक किंमत गृहीत धरा, समजा ०.५. गुणांतून ०.५ गुणिले तास वजा करा. ही किंमत खरी असेल, तर उरलेल्या भागाचा थांब्याच्या अंतराशी संबंध असता कामा नये. तो आहे का ते तपासा. मग हेच ०.५१, ०.५२ अशा प्रत्येक किमतीसाठी करा. ज्या किमती नाकारल्या जात नाहीत, त्यांचा संच हाच अंतराल.

```r
b <- seq(-2, 4, by = 0.01)
p <- sapply(b, function(b0) {
  d$e <- d$marks - b0 * d$hours
  m0 <- lm(e ~ income + ssc, data = d)
  m1 <- lm(e ~ income + ssc + dist, data = d)
  anova(m0, m1)[2, "Pr(>F)"]
})
range(b[p > 0.05])
```

क्लस्टर वापरत असाल, तर `anova` च्या जागी पायरी ३ मधील `linearHypothesis` घाला. `range` वर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. `p` चा आलेख काढून पाहा, कारण संच दोन तुकड्यांतही येऊ शकतो. अंतरालाचे टोक −२ किंवा ४ वर येऊन थांबले, तर ते टोक डेटाने ठरवलेले नाही, आपण आखलेल्या पट्टीने ठरवले आहे. पट्टी रुंद करा. रुंद करूनही टोक सापडत नसेल, तर अंतराल खरोखरच अमर्याद आहे. इन्स्ट्रुमेंट एकच असताना पहिल्या टप्प्याचा एफ ३.८४ च्या खाली गेला, की मोठ्या नमुन्यांत हे होतेच. तो आज्ञेतला दोष नसतो. या डेटावरून परिणामाला सीमा घालता येत नाही, एवढेच ती चाचणी सांगत असते. इन्स्ट्रुमेंट अनेक असतील तर संच रिकामाही येऊ शकतो, आणि तो अचूकतेचा पुरावा समजू नये. बहुधा इन्स्ट्रुमेंटे आपापसांतच भांडत असतात.

तक्ता छापताना एका खाली एक या ओळी द्याव्यात: ओएलएसचा अंदाज, पहिल्या टप्प्यातील अंतराचा सहगुणक, वगळलेल्या इन्स्ट्रुमेंटांची संख्या, दुसऱ्या टप्प्याच्याच पद्धतीने क्लस्टर केलेला एफ, टूएसएलएसचा अंदाज, आणि अँडरसन-रुबिन अंतराल. ‘दोन्ही अंदाज जुळतात’ हे वाक्य मसुद्यात असेलच, तर ते एफच्या ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचा. तिथे १.५ असेल तर ते वाक्य खोडा. ६० असेल तर राहू द्या.